साडेदहाच्या आत

सगुणाने आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावला तो अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. त्याआधी तिने तीन वेळा हात धुतले होते. दोनदा साबणाने आणि एकदा लिंबाच्या सालीने. तरीसुद्धा बाजूला बसलेल्या कॉलेजच्या मुलीने नाकाला रुमाल लावला, तेव्हा दुकानाचा मालक रतन उठला आणि त्याने सगुणाला खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं. "ताई, हे मशीन तुमचं. इथं वारा येतो," एवढंच म्हणाला.

ठाण्याच्या मासळी बाजारामागच्या गल्लीत, एका झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर रतनने सहा मशीन मांडून सायबर कॅफे टाकला होता. सगुणा खाली बाजारात बसायची. कोलशेतच्या कोळीवाड्यातली, नवऱ्याने टाकलेली, सातवी शिकलेली. वडील गेल्यावर होडी विकली, तेव्हापासून टोपली डोक्यावर घेऊन तिनेच घर चालवलं. घरात आई आवडाबाई आणि धाकटा भाऊ चंदू. चंदू तिच्याहून दहा वर्षांनी लहान. कोळ्यांत थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. पण चंदू ज्या तऱ्हेने 'बाय' म्हणायचा त्यात अर्धी आईच असायची.

चंदूला तिने शिकवलं. बारावी झाला, कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि कोलशेतच्याच एका रंगाच्या कंपनीत ऑपरेटर म्हणून लागला. दर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो ठाण्याला रतनकडे जायचा आणि तासदोन तास एक खेळ खेळायचा. खेळ म्हणजे चित्रं नाहीत, आवाज नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं नुसती. जगभरातले लोक एकाच वेळी त्यात शिरायचे, अक्षरांतूनच चालायचे, लढायचे, बाजार करायचे. खेळाचं नाव काहीतरी इंग्रजीत होतं. चंदू त्याला 'गाव' म्हणायचा.

"बाय, गावात घर घेतलं मी," एकदा जेवताना त्याने सांगितलं.

"खऱ्यातलं घर गळतंय, ते बघ आधी," आवडाबाई म्हणाली.

पण त्याच्या तोंडावरचा आनंद बघून सगुणाने विचारलं होतं, "किती खोल्यांचं रे?" आणि तो मोठ्याने हसला होता.

मग त्याच्या पायांवर सूज आली. मग तोंडावर. दिवाळीत डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला न्यायचं सुरू झालं, आणि नोव्हेंबरात एक दिवस तो घरी परत न येता इस्पितळातच राहिला. तिथल्या लोखंडी पलंगावर पडून त्याने सगुणाला जवळ बोलावलं.

"बाय, एक काम करशील? माझं घर राखायचंय."

"कोलशेतचं घर कुठं पळतंय?"

"ते नाय. गावातलं."

आणि त्याने समजावून सांगितलं. हा खेळ अमेरिकेत, पूर्वेकडच्या कुठल्याशा कॉलेजातल्या एका मशीनवर चालतो. त्या मशीनचं घड्याळ तिकडचं. खेळ जगात कुणीही, कुठूनही खेळो, घड्याळ तेच. तिकडे रात्रीचे बारा वाजले की गावचा नवा दिवस: दुकानात नवा माल, प्रत्येकाला नवी मजुरी. आणि शनिवारची रात्र संपताना आठवड्याची जत्रा उठते आणि सफाई होते. त्या आठवड्यात ज्या मालकाने आपल्या घराचं दार उघडून आत पाऊल टाकलं नाही, त्याचं घर पाडून टाकतात. सामानासकट. जागा दुसऱ्याला मोकळी.

"शनिवारच्या रात्री बारा म्हणजे आपल्या इथं किती वाजतात?" सगुणाने विचारलं. हा प्रश्न तिला सहज पडला. खाडीकाठी वाढलेल्या बाईला भरती रोज पाऊण तासाने सरकते हे कुणी शिकवावं लागत नाही.

"हां! बरोबर विचारलंस." चंदूच्या सुजलेल्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. "आपण साडेदहा तास पुढं आहोत. त्यांचा शनिवार सरायचा तेव्हा आपल्या रविवारचे सकाळचे साडेदहा. मी नेहमी जत्रेला जायचो आणि उठायच्या आधी दार उघडून यायचो. तू दहाला जा. साडेदहाच्या आत आत शीर. बास."

आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याने तिच्यासाठी मराठीत उतरवून दिलं: कुठलं नाव टाइप करायचं, कुठला परवलीचा शब्द, मग दार उघड, मग आत जा. प्रत्येक शब्दाखाली इंग्रजी अक्षरं मोठी मोठी काढून दिली. आणि खाली दोनदा रेघ ओढून लिहिलं: साडेदहाच्या आत.

"आणि बाय, आत भिंतीवर पाट्या आहेत. मी लिहिलेल्या. त्या वाचू नकोस हां. मी बरा झाल्यावर दाखवीन."

रविवारी सकाळी मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. आठवड्याचा अर्धा धंदा त्या चार तासांत होतो. तरी दहाच्या ठोक्याला सगुणा टोपली शेजारच्या गंगुबाईच्या हवाली करायची आणि जिना चढायची. एकेक अक्षर शोधून दाबायची. आधी आधी रतन पाठीशी उभा राहायचा. फोनची लाइन लागायची, पडदा काळा व्हायचा, इंग्रजी अक्षरांचे थवे वर सरकायचे. ती एंटर दाबत पुढे जायची. मग दार उघडायचं. "झालं, ताई. आत आलात," रतन म्हणायचा. ती दोन मिनिटं पडद्याकडे बघत बसायची आणि उठायची. दुपारी इस्पितळात जाऊन सांगायची, "उघडलं रे दार." चंदू डोळे मिटून हसायचा.

सतरा डिसेंबरला चंदू गेला. चोवीस वर्षं आणि काही महिने.

वीस तारखेला रविवार होता. घरात सुतक, चुलीवर भांडं नाही, ओटीवर भावकी बसलेली. साडेनऊला सगुणा उठली आणि चपला घालू लागली. चुलता म्हणाला, "कुठं चाललीस?" तिने सांगितलं, "चंदूचं घर उघडायला." बायकांनी एकमेकींकडे बघितलं, डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना वाटलं असावं. आवडाबाई मात्र भिंतीला टेकून बसल्या जागेवरून म्हणाली, "जाऊ दे तिला. वेळेचं काम हाय."

जानेवारीच्या पहिल्या रविवारी तिने पाट्या वाचायला घेतल्या.

मालकाला भिंतीवर पाट्या लावायची सोय त्या खेळात होती. एका पाटीवर वीस ओळी मावायच्या. रतनने मोजून सांगितलं, एकेचाळीस पाट्या आहेत. सगुणाला वाटलं इंग्रजी असणार. पण पहिलीच पाटी उघडली आणि रतन वाकून म्हणाला, "ताई, हे मराठी आहे. अक्षरं इंग्रजी, पण भाषा आपली. तुम्हाला वाचता येईल."

तिने बोट ठेवून ठेवून वाचलं. एच, ओ. हो. डी, आय. डी. होडी.

'हे माझं घर. दारात होडी आहे. होडीचं नाव आवडाई. बाबा गेल्यावर विकली ती नाही, ही दुसरी, पण रंग तोच. आत येणार असशील तर चपला बाहेर काढ. बाय ओरडेल.'

सगुणा तिथेच कॅफेत तोंडावर पदर घेऊन रडली. आणि रडता रडता हसली, कारण चपलांवरून ती खरोखरच ओरडायची.

परदेशातले लोक त्याच्या घरात यायचे, पाट्या बघायचे आणि ही कुठली भाषा म्हणून विचारायचे, हेही एका पाटीत होतं. 'त्यांना सांगितलं, समुद्राची भाषा आहे,' असं त्याने लिहिलं होतं.

एक पाटी वाचायला तिला पंधरा-वीस मिनिटं लागायची. रतनने एकदा म्हटलं, "ताई, सगळ्या पाट्या प्रिंट काढून देतो. घरी निवांत वाचा, आईंनाही ऐकवा."

सगुणाने मान हलवली. "एकदम नको."

"का?"

"एकदम वाचलं की संपलं. रविवारी एक वाचली की आठवडाभर तो बोलल्यासारखा वाटतो. एकेचाळीस हायत ना? म्हणजे दसऱ्यापर्यंत पुरतील." मग तिने बोटांवर हिशेब केला. "दसऱ्याच्या आसपास."

रतनने मान डोलावली. त्यालाही ते पटलं.

असा तिचा रविवार ठरून गेला. पाटी वाचायची, मनात घोळवत बाजारात परतायचं, संध्याकाळी आईला सांगायची. आवडाबाई चूल सोडून ऐकायला बसायची. नवव्या पाटीत चंदूने लिहिलं होतं की लहानपणी होडीचा दोर सुटून होडी भर खाडीत गेली, तो दोर त्याने सोडला होता. बाबांनी बायला मारलं आणि तो घाबरून बोलला नाही. सगुणा त्या संध्याकाळी अंगणात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "मेल्या, वीस वर्षं गप्प बसलास!" आवडाबाई डोळे पुसत हसत होती. चंदू गेल्यापासून त्या घरात हसू आलं ते तेव्हाच.

चार एप्रिलच्या रविवारी ती नेहमीसारखी दहाला वर गेली. आत शिरताना अक्षरांच्या थव्यात एक जास्तीची ओळ तारका लावून आली होती. इंग्रजीत होती. तिने सवयीने एंटर दाबला. रतन खाली झेरॉक्सवाल्याकडे वीजबिलाचं काहीतरी बोलत होता.

दार उघडलं. चौदावी पाटी.

'आज पायाला खूप सूज. बूट जात नाहीत. घरी सांगितलं नाही. बाय बाजारातून येते तेव्हा तिचे पाय बघतो, माझ्यापेक्षा सुजलेले असतात. ती कधी बोलत नाही. बायला एक गोष्ट सांगायची आहे. तोंडावर सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितो. जागा संपली. पुढच्या पाटीवर.'

दहा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. सगुणाचं बोट पंधरा टाइप करायला पुढे गेलं. एकावर टेकलंसुद्धा. मग तिने हात मागे घेतला. आजवर नियम मोडला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिला ते हवंहवंसं वाटलं: कुणीतरी आपल्याला काही सांगायचं ठेवलंय, आणि आपण रविवारपर्यंत त्याची वाट बघणार आहोत. पस्तीस वर्षांत तिच्यासाठी कुणी असं काही राखून ठेवलं नव्हतं. ती उठली. जिना उतरताना तिने गंगुबाईला हाक मारून सांगितलं, "पुढच्या रविवारी जरा जास्त वेळ लागंल गो मला. सांभाळून घे."

तो आठवडा तिने कसा काढला ते गंगुबाईने नंतर कितीतरी जणींना सांगितलं. गाणं म्हणत सोलत होती कोळंबी, म्हणाली. आवडाबाई रोज तर्क करायची. "लग्नाचं असंल. पोरगी बघितली असंल त्यानं." "त्याच्या कंपनीतल्या पैशाचं काय असंल." सगुणा म्हणायची, "आये, रविवार येतोय ना. थांब."

अकरा एप्रिल. दहाला दोन मिनिटं कमी असताना ती वर पोहोचली. नाव टाकलं. परवलीचा शब्द टाकला. दार उघड, असं टाइप केलं.

पडद्यावर एक ओळ आली. तिला वाटलं अक्षर चुकलं. पुन्हा केलं. तीच ओळ.

"रतनभाऊ, बघा जरा. दार उघडत नाय."

रतन आला. त्याने वाचलं. स्वतः दोन-तीन गोष्टी टाइप करून बघितल्या.

"काय म्हणतंय?"

"ताई..." त्याने खुर्ची ओढली आणि शेजारी बसला. "म्हणतंय, इथं दार नाही. मोकळी जागा आहे."

"मोकळी कशी? साडेदहा कुठं झालेत?" तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. दहा वाजून तीन मिनिटं. "अजून अर्धा तास हाय!"

रतनने खेळाची वेळ विचारायची आज्ञा टाइप केली. ती त्याने आजवर कधी केलीच नव्हती. गरजच पडली नव्हती. उत्तर आलं: रविवार, अकरा एप्रिल, शून्य वाजून तेहतीस मिनिटं. आणि वेळेपुढे तीन अक्षरं: ईडीटी.

"इथं तर ईएसटी असायला हवं," तो पुटपुटला. मग त्याने कपाळावर हात मारला. "तिकडं उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं करतात. एप्रिलचा पहिला रविवार. गेल्या रविवारी केली त्यांनी. म्हणजे आता आपला फरक साडेदहाचा नाही, साडेनऊचा. त्यांचे बारा आपल्या साडेनऊलाच वाजून गेले."

"घड्याळ पुढं करतात?" सगुणाला अर्थच लागेना. "कोण करतं?"

"सरकार. सगळा देश करतो."

"कशाला?"

"उजेड जास्त मिळावा म्हणून. संध्याकाळी."

भरती सरकते ती चंद्रामुळे. ते तिला समजायचं. पण कुणीतरी बसल्या जागी ठरवून वेळच हलवायची, आणि त्यात आपल्या भावाचं घर वाहून जायचं, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"पण मी गेल्या रविवारी आले होते. सात दिवस तर झालेत. आठवड्यात एकदा शिरायचं, असंच होतं ना?"

रतनला उत्तर माहीत होतं, पण ते सांगणं जड जात होतं. "गेल्या रविवारी तुम्ही आलात तेव्हा तिकडं शनिवारची रात्र होती. साडेअकराची. ती हजेरी आधीच्या आठवड्याची लागली. हा आठवडा सुरू झाला आपल्या साडेदहापासून, आणि आज साडेनऊला संपला. त्या दरम्यान कुणी आत गेलं नाही."

"म्हणजे मी तेव्हा अजून दहा मिनिटं बसले असते..."

"साडेदहानंतर दार पुन्हा एकदा उघडलं असतं तर, हो." मग न राहवून तो बोलून गेला, "किंवा सोमवारी आला असतात तरी चाललं असतं, ताई. कुठल्याही वारी. चंदू रविवारी यायचा तो जत्रेसाठी. मीही कधी विचार केला नाही."

सोमवारी बाजार निम्मा रिकामा असतो. दर सोमवारी ती दुपारभर माश्या वारत बसून असायची.

रतनने त्याच मिनिटाला खेळ चालवणाऱ्यांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं: चंदू गेला, बहीण घर राखत होती, घड्याळाचं कळलं नाही. त्याला तारका लावलेल्या त्या ओळीबद्दलही कळलं. आजही ती जुन्या सूचनांत होती. 'आज रात्री आमची घड्याळं पुढे जातील. परदेशी खेळाडूंनी आपापली वेळ तपासावी.' ती ओळ त्याने सगुणाला वाचून दाखवली नाही. ते त्याने कित्येक महिन्यांनी, स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला म्हणून, सांगितलं.

बुधवारी उत्तर आलं. माणूस चांगला होता. त्याने लिहिलं होतं, मला फार वाईट वाटतं, तुमचा भाऊ इथं सगळ्यांचा लाडका होता. पण सफाई झाल्याबरोबर मशीन सगळ्या गावाची नवी प्रत घेतं आणि जुन्या प्रतीवरच ती उमटवतं. पाट्या आता कुठेच नाहीत. ती जागा मात्र तुमच्यासाठी राखून ठेवतो, हवं तर पुन्हा बांधा.

त्या अकरा तारखेला सगुणा घरी गेली ती थेट चंदूच्या पेटीकडे. ती वही तिने काढली. आजवर फक्त शेवटचं पान बघितलं होतं. आता मागची पानं उलटली. चंदूने दर रविवारची नोंद ठेवली होती, बारीक अक्षरात. अठरा ऑक्टोबर, साडेनऊ. पंचवीस ऑक्टोबर, साडेनऊ. एक नोव्हेंबर, साडेदहा. आठ नोव्हेंबर, साडेदहा. त्याला माहीत होतं. सांगायचं राहिलं. एप्रिल यायला पाच महिने होते, आणि तोवर तो स्वतःच उठून जाणार होता ना.

आवडाबाई दारात येऊन उभी राहिली. "काय लिवलं होतं गो? पोरगी बघितली होती का त्यानं?"

सगुणाने खोटं बोलायचा विचार केला. मनात एक वाक्य जुळवलंसुद्धा. मग ती म्हणाली, "आये, घर गेलं."

"म्हंजे?"

"वेळ चुकली माझी. त्यांनी पाडलं. पाट्या गेल्या सगळ्या."

आवडाबाई दारातून वळली. ती आत गेली, भाताचं भांडं उतरवलं, दोन ताटं वाढली. जेवून झाल्यावर म्हणाली, "मग आता रविवारचा बाजार सोडू नको." त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही. तिने सगुणाला कधी बोल लावला नाही. सगुणाला वाटायचं, लावला असता तर बरं झालं असतं.

तीन रविवार ती जिना चढली नाही. चौथ्या रविवारी रतनच खाली बाजारात आला, माशांच्या पाण्यातून चपला उचलत.

"ताई, जागा राखून ठेवलीय त्यांनी. आपण पुन्हा बांधू. तुम्हाला चौदा पाट्या आठवत असतील ना? तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

त्याचा चेहरा बघून तिला नाही म्हणवेना. दोघं कोपऱ्यातल्या मशीनवर बसली. घर उभं राहिलं, दार बसलं. पहिली पाटी ती सांगू लागली. हे माझं घर, दारात होडी आहे. चपला बाहेर काढ. दुसरी निम्मी आठवली. पाचवीत काय होतं ते अजिबात आठवेना. आईला सांगितलेलं आठवत होतं, पण चंदूचे शब्द नव्हते. नववी ती भरभर सांगून गेली, होडी सुटली, बाबांनी मारलं, माझ्या पाठीवर वळ उठले. रतनची बोटं थांबली.

"ताई, 'माझ्या' की 'बायच्या'?"

तिने पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "वाचून दाखवा काय झालं ते."

रतनने वाचलं. सगुणा ऐकत होती. सगळं खरं होतं, पण बोलत होती ती स्वतःच. तिला जे आधीपासून माहीत होतं तेवढंच उरलं होतं. जे एकट्या चंदूला ठाऊक होतं, त्यातलं एक अक्षरही तिला लिहिता येणार नव्हतं.

"आणि पंधरावी?" ती म्हणाली. "पंधरावीत काय लिहू मी?"

रतनने कीबोर्डवरून हात काढले. त्याने मान खाली घातली. बाजूच्या मशीनवरची मुलं कशावर तरी मोठ्याने हसत होती.

"पुसा, भाऊ," सगुणा म्हणाली.

"ठेवू या ना, ताई. निदान घर तरी..."

"नको. त्याच्या नावावर माझं बोलणं नको. पुसा, आणि जागा देऊन टाका कुणाला तरी. कुणी पोर असंल तर राहील तिथं."

त्याने पुसलं. पुसताना प्रत्येक पाटीला आणि शेवटी घराला मशीन एकदा विचारायचं, नक्की का? तो तिच्याकडे बघायचा, ती मान हलवायची. असं चारदा झालं. मग ती उठली, कमरेला पदर खोचला आणि खाली गेली. गंगुबाईने तिची टोपली पुढे सरकवली. समोर एक गिऱ्हाईक पापलेटाचे कल्ले उचलून बघत उभं होतं.

"ताजे आहेत का?" त्याने विचारलं.

"सकाळचेच हायत," सगुणा म्हणाली, आणि तिने कोयता पुढे ओढला.